दिवा ग्रामपंचायतीचा, तार महावितरणची

«सप्रेम नमस्कार. आमच्या वस्तीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या दोन बाजूंना विजेचे दोन खांब आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यातला एक खांब रस्त्याकडे कलला आणि तारांना झोळ पडला. ट्रॉलीवर उभा माणूस हात वर करील तर तार लागेल, इतक्या त्या खाली आल्यात. त्याच खांबावरचा दिवा तेव्हापासून बंद आहे. वायरमनला सांगितलं तर तो म्हणतो दिव्याचं ग्रामपंचायत बघते. ग्रामपंचायतीत सांगितलं तर म्हणतात खांब वीज मंडळाचा. ‘दिवा बंद असून तारा लोंबत आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा अर्ज वीज कार्यालयात दिला, तो टेबलावरच राहिला. आता उसाच्या ट्रॉल्या सुरू होतील. नेमका अर्ज कुणाला आणि कसा लिहावा? — एक वाचक, कृष्णाकाठ»

नमस्कार. अर्जाचं नंतर बघू. आधी आजच्या आज एक फोन करा. महावितरणचा 1912 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो लागला नाही तर 1800-212-3435 किंवा 1800-233-3435 फिरवा. वीजबिल हाताशी ठेवा, कारण पलीकडचा माणूस पहिल्यांदा तुमचा बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारणार. तक्रार सांगताना दिव्याचं नावसुद्धा काढू नका. ‘रस्ता ओलांडणारी वाहिनी खाली आली आहे, खांब कलला आहे, वाहनाला तार लागण्याचा धोका आहे’ एवढंच सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक पुढे अर्जात लागणार आहे.

दिव्याचं नाव का काढायचं नाही? तुमचा पहिला अर्ज टेबलावर का राहिला याचं उत्तर त्यातच आहे. एका कागदावर तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या, आणि त्या दोन वेगळ्या कार्यालयांच्या आहेत. गावात खांब आणि तारा महावितरणच्या असतात. खांबावरचा दिवा, त्याचा आकडा, होल्डर आणि बल्ब बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचा असतो. पथदिव्यांचं वीजबिलही ग्रामपंचायतीच्या नावावर निघतं. तुमच्या घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कर दिसेल, तो याचसाठी असतो. म्हणजे वायरमन खोटं बोलला नाही आणि ग्रामपंचायतही खोटं बोलली नाही. ज्याने कुणी तुमचा अर्ज उघडला, त्याने पहिल्या ओळीत ‘दिवा बंद’ वाचलं, हे आपलं काम नव्हे असं ठरवलं आणि पुढची ओळ वाचलीच नाही. बंद दिवा ही गैरसोय आहे, खाली आलेली तार हा जिवाचा धोका आहे. दोन्ही एका विषयात आल्या की धोकासुद्धा गैरसोयीच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून अर्ज दोन करायचे. तारेचा महावितरणला, दिव्याचा ग्रामपंचायतीला. तारेचा आधी.

तारेच्या अर्जात काय लिहायचं ते ठरवण्याआधी जागेवर जाऊन लांबून नीट बघा. झोळ का पडला हे बहुतेक वेळा खालूनच कळतं. चार-पाच तारांपैकी एकच तार खाली आली असेल आणि बाकीच्या ताठ असतील, तर ती एक तार इन्सुलेटरवरून सुटली आहे किंवा तिथली बांधणी तुटली आहे. हे काम त्या मानाने लवकर होतं. सगळ्याच तारा सारख्या खाली आल्या असतील आणि दोन्ही खांब सरळ असतील, तर दोन खांबांमधलं अंतर जास्त आहे किंवा वर्षानुवर्षांच्या उन्हा-वाऱ्याने तारा ताणल्या गेल्या आहेत. तिथे ताण देऊन भागलं नाही तर मध्ये एक खांब रोवावा लागतो. तुमच्या पत्रात मात्र खांब कलल्याचं आहे. अशा वेळी तारेकडे बघत बसू नका, खांबाचा ताण शोधा. खांबाच्या डोक्यावरून तिरपी खाली येऊन जमिनीत गाडलेली जी जाड तार असते, तिला लाइनमन ताण किंवा स्टे म्हणतात. बांधाला आड येते म्हणून ती कुणी काढून टाकते, ट्रॅक्टर वळवताना ती तुटते, नाहीतर पावसात तिची गाडलेली पट्टी वर येते. ताण गेला की तारांच्या ओढीने खांब आपसूक समोरच्या खांबाकडे झुकतो आणि मधल्या सगळ्या तारा सैल पडतात. ताण तुटलेला किंवा लोंबणारा दिसला तर अर्जात तसं स्पष्ट लिहा, पण त्या तुटक्या ताणाला हात लावू नका. वरची तार त्याला टेकलेली असली तर त्यातही वीज असू शकते.

आणखी एक शक्यता तपासा. गेल्या काही वर्षांत त्या रस्त्यावर मुरूम किंवा काँक्रीट पडून रस्ता वर आला आहे का? अनेक गावांत तारा जागच्या जागी असतात, रस्ताच एक-दीड फूट उचललेला असतो. नियमाप्रमाणे जो कुणी वाहिनीखाली रस्ता उंच करतो, त्याने आधी वीज कंपनीला लेखी कळवायला हवं. तसं कुणी क्वचितच करतं. तुमच्याकडे असं झालं असेल तर अर्जात ते लपवू नका, पण खर्च कुणाचा या वादात तुम्ही शिरूही नका. तो महावितरण आणि रस्ता बांधणाऱ्या खात्याने आपसात मिटवायचा आहे. तुमची मागणी तार सुरक्षित उंचीवर यावी एवढीच राहू द्या.

उंचीचा विषय निघाला तर तुमच्या अर्जात खरं वजन तिथेच येणार आहे. ‘तारा खूप खाली आल्या आहेत’ या वाक्यावर साहेब म्हणतो, बघू. ‘रस्ता ओलांडणारी लघुदाब वाहिनी किमान 5.8 मीटर उंच हवी, इथे ती सुमारे 4 मीटरवर आहे’ या वाक्यावर त्याला तसं म्हणता येत नाही. हा 5.8 मीटरचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा आणि वीजपुरवठ्याबाबतच्या 2023 च्या विनियमांतला आहे. 2010 च्या विनियमांतही तोच होता. तार रस्ता न ओलांडता रस्त्याच्या कडेने जात असेल तर लघुदाबासाठी 5.5 मीटर लागतात. 11 केव्हीची उच्चदाब वाहिनी असेल तर रस्ता ओलांडताना 6.1 मीटर. ज्या खांबावर पथदिवा आहे त्यावर लघुदाबाच्या तारा असणारच, तेव्हा तुमच्या बाबतीत 5.8 धरा.

आता उंची मोजायची कशी? बांबू, शिडी, पाइप, मोजपट्टी, सेल्फी स्टिक, यांतलं काहीही तारेच्या दिशेने वर करू नका. तारेखाली माणूस उभा करून अंदाजही घेऊ नका. लघुदाब म्हटलं तरी तिथे जमिनीच्या मानाने 230 व्होल्ट असतात, आणि ओल्या बांबूतून ते माणसापर्यंत खुशाल येतात. उंची फोटोवरून काढता येते. रस्त्यावर तारांपासून तीस-चाळीस मीटर लांब, रस्त्याच्या मधोमध उभे राहा, म्हणजे दोन्ही खांब दोन बाजूंना आणि तारांचा झोळ समोर आडवा दिसेल. मोबाइल सरळ धरून फोटो काढा. वर तिरपा केला तर माप चुकतं. फोटोत सरळ उभा असलेला खांब घ्या, कललेला नको. गावातला साधा सिमेंटचा लघुदाब खांब बहुतेक 8 मीटरचा असतो आणि त्यातला दीडेक मीटर जमिनीत गाडलेला असतो, म्हणजे वर साडेसहा मीटर दिसतो. फोटो छापून किंवा पडद्यावर मोठा करून पट्टीने खांबाची उंची मोजा, मग तारांच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून खालच्या रस्त्यापर्यंतचं अंतर मोजा.

समजा फोटोत खांब 10 सेंटीमीटर भरला आणि तार 6.2 सेंटीमीटरवर निघाली. म्हणजे तार खांबाच्या दिसणाऱ्या उंचीच्या 62 टक्क्यांवर आहे. साडेसहा मीटरचे 62 टक्के म्हणजे सुमारे 4 मीटर. खांब 9 मीटरचा असेल अशी शंका घेतली तरी वरचा भाग साडेसात मीटर होतो आणि तार 4.6 मीटरच्या आसपास येते. दोन्ही हिशेबांनी ती 5.8 च्या खूप खाली आहे, म्हणून या मापातल्या थोड्या चुकीने काही बिघडत नाही. ‘फोटोवरून काढलेला अंदाज, प्रत्यक्ष मोजमाप आपल्या कार्यालयाने करावे’ असं अर्जात लिहा, म्हणजे आकड्यावर कुणी वाद घालत बसणार नाही. फोटो दुपारी दोन-तीनला काढा. तारा उन्हात तापून लांबतात आणि झोळ तेव्हाच सर्वांत जास्त असतो. सकाळच्या गारव्यात पाहणी करून ‘तेवढ्या काही खाली नाहीत’ असं सांगणारे भेटतात, त्यांना दुपारचा फोटो उत्तर देतो.

जागा ओळखता येईल असं लिहिणं ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. ‘आमच्या वस्तीजवळ’ यावरून शाखेत बसलेल्या नव्या अभियंत्याला काही कळत नाही, आणि गावातल्या बऱ्याच खांबांवर क्रमांक नसतो. तुमची वस्ती ज्या डीपीवर आहे तिचं नाव लिहा आणि तिथून मोजत या: डीपीपासून वस्तीकडे जाताना पाचवा आणि सहावा खांब. डीपीवर रोहित्राचा क्रमांक रंगवलेला असेल तर तो रस्त्यावरूनच वाचून घ्या, कुंपणात जाऊ नका. तुमच्या बिलावरही डीटीसी क्रमांक छापलेला असतो, तोही चालेल.

अर्ज शाखा कार्यालयाच्या अभियंत्याच्या नावाने करा. काही शाखांत तो सहायक अभियंता असतो, काहींत कनिष्ठ, दारावरची पाटी बघून लिहा. त्याच्या वर उपविभागाचे अधिकारी, त्यांच्या वर विभागाचे कार्यकारी अभियंता. पहिलाच अर्ज थेट वर पाठवला तर तो पंधरा दिवसांनी ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’ शेरा घेऊन याच शाखेत परत येतो. म्हणून अर्ज शाखेला आणि प्रत वर, असं ठेवा. मसुदा साधारण असा:

दिनांक:

प्रति,
मा. सहायक / कनिष्ठ अभियंता,
महावितरण, शाखा कार्यालय, ________

विषय: ________ डीपीवरील लघुदाब वाहिनी रस्ता ओलांडताना धोकादायक उंचीवर आल्याबाबत व कललेला खांब तातडीने सरळ करण्याबाबत.

संदर्भ: 1912 वर नोंदवलेली तक्रार क्र. ________, दि. ________

महोदय,

मी ________ येथील रहिवासी असून माझा ग्राहक क्रमांक ________ आहे. ________ डीपीपासून (रोहित्र क्र. ________) ________ वस्तीकडे जाणाऱ्या लघुदाब वाहिनीवरील पाचवा खांब गेल्या पावसाळ्यापासून रस्त्याच्या बाजूला कललेला आहे. त्याचा ताण तुटलेला दिसतो. त्यामुळे पाचव्या व सहाव्या खांबांमधील सर्व तारा सैल होऊन रस्त्यावर खाली आल्या आहेत. सोबतच्या फोटोवरून तारांची रस्त्यापासूनची उंची सुमारे 4 मीटर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या विनियमांनुसार रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाब वाहिनीची किमान उंची 5.8 मीटर असणे आवश्यक आहे. प्रत्यक्ष मोजमाप आपल्या कार्यालयाने करावे.

या रस्त्याने शाळेची मुले व वस्तीवरील लोक रोज ये-जा करतात. ऊस वाहतूक सुरू झाल्यावर भरलेल्या ट्रॉल्यांना तार लागून जीवितहानी होण्याचा धोका आहे. वाऱ्यात तारा एकमेकींना लागून ठिणग्या पडतात. दि. ________ रोजी सायंकाळी असे घडले.

तरी खांब सरळ करून, नवीन ताण बसवून, तारा ओढून वैधानिक उंचीवर आणाव्यात. काम होईपर्यंत या भागातील वीजपुरवठा बंद करणे आवश्यक वाटल्यास तसे करण्यास रहिवाशांची हरकत नाही. केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी.

आपला विश्वासू,
(नाव, पत्ता, मोबाइल, सही)

सोबत: दोन फोटो (तारीख व वेळेसह), जागेचा हाती काढलेला नकाशा.

प्रत: 1. उपविभागीय अधिकारी, महावितरण, उपविभाग ________
2. विद्युत निरीक्षक, जिल्हा ________
3. सरपंच, ग्रामपंचायत ________

यातली ठिणग्यांची ओळ तुमच्याकडे तसं खरंच दिसलं असेल तरच ठेवा, नसेल तर काढून टाका. सैल तारा वाऱ्यात एकमेकींना लागतात तेव्हा घरातले दिवे क्षणभर मंद किंवा लख्ख होतात, फ्यूज उडतो. शेजाऱ्यांना विचारून एखादी तारीख मिळाली तर अर्ज आणखी पक्का होतो.

बहुतेक अर्जांत एक शब्द फार घात करतो, आणि तो म्हणजे ‘स्थलांतर’. लोक भाबडेपणाने लिहितात की तारा इथून हलवाव्यात, खांब दुसरीकडे घ्यावा. असं लिहिलंत की तुमची तक्रार तिथल्या फायलीत तक्रार म्हणून राहत नाही, वाहिनी हलवण्याची विनंती म्हणून जाते. मग अंदाजपत्रक निघतं आणि ते पैसे अर्जदाराने भरायचे असतात. स्वतःच्या प्लॉटवरून कुणाला तार हटवून हवी असेल तर हे ठीकच आहे. पण कंपनीची वाहिनी नियमाने जेवढी उंच हवी तेवढी ठेवणं हे कंपनीचं काम आहे, त्याचा खर्च ग्राहकाचा नाही. तेव्हा ‘हलवा’ नको, ‘उंचीवर आणा’ लिहा. कुणी तोंडी म्हणालंच की मधल्या खांबाचे पैसे गावाने जमवावेत, तर ते लेखी द्यायला सांगा. तसं लेखी देणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

वीज बंद ठेवायला हरकत नाही, हे वाक्यही मुद्दाम घातलं आहे. काम का झालं नाही असं विचारल्यावर ‘लोक लाइन बंद करू देत नाहीत’ हे उत्तर फार मिळतं. ते आधीच बाद होतं. शिवाय खरोखर धोका टोकाला गेला असेल तर शाखेचा अभियंता तेवढा भाग तोडून ठेवू शकतो, आणि तशी मोकळीक तुम्ही लेखी दिलेली बरी.

अर्ज देताना दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्या. ‘साहेब आल्यावर घ्या’ म्हणाले तर वाद न घालता तिथूनच पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोच जपून ठेवा. प्रतीही त्याच दिवशी निघू द्या. नुसतं ‘प्रत’ लिहून प्रत न पाठवणारे फार असतात, आणि हे कार्यालयालाही ठाऊक असतं. विद्युत निरीक्षकाची प्रत तर विसरूच नका. हे अधिकारी महावितरणचे नसतात, राज्य शासनाच्या ऊर्जा खात्याचे असतात, आणि वाहिन्यांच्या सुरक्षिततेची तपासणी हेच त्यांचं काम आहे. अपघात झाला तर चौकशीलाही तेच येतात. त्यांच्याकडे आधीच प्रत पोचली आहे हे दिसलं की शाखेत त्या कागदाकडे बघण्याची रीत बदलते.

काम होईपर्यंत ट्रॉल्यांची सोय तुम्हालाच बघावी लागेल. सरपंचांना सांगून त्या वळणाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना ठळक फलक लावा: वर वीजवाहिनी, भरलेली ट्रॉली नेऊ नये. दुसरी वाट असेल तर टोळीच्या मुकादमाला आणि ट्रॅक्टरवाल्याला स्वतः भेटून ती दाखवा, फलक वाचून कुणी वळत नाही. ट्रॉलीवर माणूस बसवून ‘तार उचल रे जरा’ म्हणत काठीने तार वर करण्याची जी रीत आहे, ती तुमच्या वस्तीत कुणालाही करू देऊ नका. कोरड्या काठीने काही होत नाही हा समज माणसं मारतो. तार ट्रॉलीला लागलीच तर चालकाने जागेवरून हलू नये, आणि बाकीच्यांनी जवळ न जाता 1912 ला आणि शाखेला फोन करून वीज बंद झाल्याची खात्री करून घ्यावी. गाडीने पेट घेतला आणि उतरावंच लागलं तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न होऊ देता दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि उभ्यानेच, पाय जमिनीवरून न उचलता घासत घासत लांब जायचं.

आठवड्याभरात कुणी फिरकलं नाही तर शाखेत पुन्हा तेच सांगत बसू नका. आवक क्रमांक घालून उपविभागीय अधिकाऱ्यांना चार ओळींचं स्मरणपत्र द्या आणि विद्युत निरीक्षकांना स्वतंत्र पत्र लिहून जागेची पाहणी मागा. ‘एस्टिमेट वर पाठवलं आहे’ असं उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. तुमच्या अर्जावरचे सगळे शेरे, जागेची पाहणी कुणी आणि कधी केली आणि त्या अंदाजपत्रकाची प्रत मागा. एस्टिमेट नुसतं बोलण्यात असेल तर ते यातून कळतं, आणि पुष्कळदा अर्ज गेल्यावरच ते तयार होतं. तरीही काही हललं नाही तर तुमच्या भागाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. वीज कायदा 2003 च्या कलम 42 खाली हे मंच आहेत, वकील लागत नाही, आणि मंचाने साधारण साठ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिथेही पटलं नाही तर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूर इथे त्यांची कार्यालयं आहेत. तुमच्या प्रकरणात मात्र ऊस साठ दिवस थांबणार नाही, म्हणून माझा भर मंचापेक्षा विद्युत निरीक्षकांवर आहे.

माणसं कामाला आली की एवढं बघा. नुसत्या तारा ओढून खांब तसाच कलता ठेवला तर पहिल्या वळवाच्या पावसात झोळ पुन्हा येतो. आधी खांब सरळ व्हायला हवा, बुडाशी दगड-काँक्रीट ठोकून भरायला हवं, नवा ताण बसायला हवा, मग तारांना ओढ. ताण कुणाच्या बांधात येत असेल तर त्या शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवा, कामाच्या दिवशी भांडण झालं की माणसं सामान गुंडाळून निघून जातात. काम झाल्यावर त्याच जागी उभं राहून त्याच वेळेला पुन्हा फोटो काढा आणि पट्टी लावा. खांबाची दिसणारी उंची साडेसहा मीटर असेल तर तार तिच्या 90 टक्क्यांच्या आसपास दिसली पाहिजे. तेवढी ती दिसत नसेल, तर आठ मीटरच्या खांबावर ती उंची जमत नाही असा अर्थ होतो, आणि तिथे उंच खांब किंवा मध्ये आणखी एक खांब मागावा लागेल. तक्रार बंद करण्याचा संदेश मोबाइलवर आला आणि काम अर्धवट असलं, तर त्याच दिवशी 1912 वर ती पुन्हा उघडायला लावा.

राहिला दिवा. त्याचं निदान सोपं आहे. रात्री वस्तीत फिरून बघा. त्या रांगेतले सगळेच पथदिवे बंद असतील तर दोष दिव्यात नाही. पथदिव्यांसाठी खांबावर एक वेगळी तार असते, ती तुटली आहे किंवा डीपीजवळची कळ गेली आहे. ग्रामपंचायतीची थकबाकी राहिल्याने जोडणीच तोडलेली असणं हीही नवी गोष्ट नाही, आणि ते ग्रामपंचायतीत बिल बघितल्यावर कळेल. बाकी दिवे चालू आणि हा एकच बंद असेल तर बल्ब गेला किंवा खांब कलताना दिव्याकडे येणारी जोडतार तुटली. तुमच्याकडे खांब कलला तेव्हापासूनच दिवा बंद आहे, त्यामुळे मला जोडतारेचाच संशय आहे. अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावाने करा, खांबाची खूण तीच द्या, आणि पोच तिथेही घ्या. एका ओळीत लिहा की खांब सरळ करण्याचे काम महावितरणकडे अमुक आवक क्रमांकाने दिले आहे, ते होताच दिवा दुरुस्त करून मिळावा.

ही ‘होताच’ची अट मुद्दाम आहे. ग्रामपंचायतीचे दिवे लावणारा मुलगा पुष्कळदा गावातलाच असतो, शंभर-दोनशे रुपयांवर शिडी लावून चढतो आणि लाइन बंद करायची तसदी कुणी घेत नाही. कललेल्या खांबावर, सैल तारांच्या शेजारी त्याला चढवू नका. ज्या दिवशी महावितरणचे लोक पुरवठा बंद करून खांबाचं काम करतील, त्याच दिवशी ग्रामपंचायतीचा माणूस नवा दिवा घेऊन खाली हजर ठेवा. वायरमनशी आदल्या दिवशी फोनवर बोलून वेळ ठरवा.